आधी किती, मग कशानंतर?

भोसरीच्या एमआयडीसीतला एक छोटा कारखाना डोळ्यासमोर आणावा. सात-आठ माणसं, दोन वेल्डिंगचे संच, एक जुनी लेथ आणि पोटमाळ्यावर डिझाइनचा संगणक. इथे ऑर्डरप्रमाणे यंत्रं बनतात. एके दिवशी चाकणच्या एका कंपनीकडून मेल येतो. कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवते आणि त्या भागांवरचं तेल, चुरा धुऊन काढणारं वॉशिंग मशीन तिला हवं आहे. यापूर्वी या दोघांचा कधी व्यवहार झालेला नाही. मेलच्या शेवटी एक ओळ असते : दहा टक्के ॲडव्हान्स, उरलेले नव्वद टक्के मशीन बसवून दिल्यावर ४५ दिवसांनी.

आता कारखानदाराने काय उत्तर पाठवायचं? बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण किमतीचं कोटेशन पाठवतात आणि पैशांच्या अटींवर ‘ते नंतर बोलू’ म्हणतात. नंतर म्हणजे ऑर्डर हातात आल्यावर, जेव्हा नाही म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरे कुणीतरी सांगितलेला आकडा ठोकून देतात, ‘पन्नास टक्के ॲडव्हान्सशिवाय काम नाही’. पन्नासच का, असं ग्राहकाने विचारलं की त्यांच्याकडे उत्तर नसतं. मग पन्नासाचे तीस होतात, तिसाचे वीस. आकड्यामागे कारण नसेल तर तो घासाघिशीत टिकत नाही.

कारण शोधायचं तर कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. उदाहरणासाठी मशीनची किंमत १२ लाख रुपये धरू, जीएसटी वेगळा. कारखानदाराचा खर्च असा येतो : स्टेनलेस स्टीलचा पत्रा, अँगल, पाइप मिळून १ लाख ६० हजार. पंप, मोटर, गिअरबॉक्स, हीटर, पीएलसी पॅनल अशा बाहेरून विकत घ्यायच्या वस्तू, ज्यांना या धंद्यात ‘बॉटआउट’ म्हणतात, त्यांचे ४ लाख ६० हजार. डिझाइन, वेल्डिंग, जोडणी आणि बाहेरचं जॉबवर्क २ लाख ६० हजार. जागाभाडं, वीज वगैरे ६० हजार. वाहतूक आणि चाकणला जाऊन मशीन बसवणं ४० हजार. बेरीज ९ लाख ८० हजार. नफा राहिला २ लाख २० हजार.

पण हा खर्च एका दिवशी होत नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. पहिले दोन आठवडे फक्त डिझाइन चालतं, त्यात ३० हजार जातात. तिसऱ्या आठवड्यात पत्रा येतो आणि बॉटआउटवाल्यांना अर्धे पैसे आगाऊ द्यावे लागतात, कारण छोट्या कारखान्याला तेही उधार देत नाहीत. एका आठवड्यात खिशातून गेलेली रक्कम ४ लाख २० हजारांवर पोचते. पाचव्या आठवड्यापर्यंत टाकी आणि सांगाडा वेल्ड होतो. एकूण ५ लाख २० हजार. सहाव्यात बॉटआउटचे उरलेले पैसे देऊन माल सोडवायचा. ७ लाख ५० हजार. नवव्या आठवड्यात मशीन जोडून कारखान्यातच चाचणी होते, तोवर ९ लाख ४० हजार गेलेले असतात. दहाव्यात मशीन ट्रकवर चढतं.

आता ग्राहकाची अट या हिशेबावर ठेवून बघू. दहा टक्के म्हणजे १ लाख २० हजार. चाचणीच्या दिवशी कारखानदाराचे ८ लाख २० हजार अडकलेले असतील आणि ते मशीन बसल्यावर आणखी ४५ दिवस तसेच राहतील. त्या काळात मशीन ग्राहकाच्या आवारात, आणि कारखानदाराकडे एक बिल. अशी दोन कामं एकदम आली, की पगाराला पैसे नसतात. ऑर्डरबुक भरलेलं असताना बंद पडणारे कारखाने असेच बंद पडतात.

कारखानदाराचा स्वाभाविक प्रतिप्रस्ताव असा असतो : चाळीस टक्के ऑर्डरबरोबर, पन्नास टक्के चाचणीनंतर पण मशीन निघण्याआधी, दहा टक्के बसवल्यावर. चाळीस टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार. तिसऱ्या आठवड्यातला खर्च पूर्ण भागतो. नवव्या आठवड्यात मात्र ९ लाख ४० हजारांतून ४ लाख ८० हजार वजा केले तर ४ लाख ६० हजार अडकलेलेच आहेत. आणि ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर ज्याचा कारखाना कधी पाहिला नाही, अशा माणसाकडे तो पहिल्याच दिवशी पावणेपाच लाखांहून जास्त रक्कम सोपवतोय. त्याची भीती खोटी नाही. ॲडव्हान्स घेऊन दुसऱ्याचं काम आधी उरकणारे, महिनोन्‌महिने फोन न उचलणारे पुरवठादार प्रत्येक खरेदी विभागाने पाहिलेले असतात.

इथे मधला टप्पा कामाला येतो. पहिला हप्ता तीस टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. दुसरा वीस टक्के, २ लाख ४० हजार, टाकी आणि सांगाडा तयार झाल्यावर, पाचव्या आठवड्यात. तिसरा चाळीस टक्के चाचणीनंतर, मशीन निघण्याआधी. शेवटचा दहा टक्के बसवल्यावर. आता पुन्हा वजाबाकी करू. तिसऱ्या आठवड्यात कारखानदाराचे फक्त ६० हजार अडकतात. पाचव्यात १ लाख ६० हजार होतात, तेवढ्यात दुसरा हप्ता येतो. सहाव्यात बॉटआउट सोडवल्यावर दीड लाख. नवव्यात ३ लाख ४० हजार.

चाळीस टक्के ॲडव्हान्स घेऊनही ४ लाख ६० हजार अडकत होते. तीस टक्के घेऊन ३ लाख ४० हजार अडकतात. आणि ग्राहकाने पहिल्या दिवशी द्यायची रक्कम १ लाख २० हजारांनी कमी झाली. दोघांचाही धोका उतरला. ॲडव्हान्स किती, यावर दोन्ही बाजू तासभर वाद घालतात. खरं तर तो वाद बऱ्याचदा दुसरा हप्ता कधी, या प्रश्नाने सुटतो. टप्पा नेमका मोठ्या खर्चाच्या तोंडाशी ठेवायचा, इथे बॉटआउटचे उरलेले पैसे देण्याच्या आधी, एवढं साधलं की टक्केवारीबद्दल लवचीक राहता येतं.

शेवटच्या दहा टक्क्यांचाही हिशेब आहे. १ लाख २० हजार ही रक्कम २ लाख २० हजारांच्या नफ्यातून अडकते आहे. ती कधीच मिळाली नाही, तरी कारखानदाराच्या हाती एक लाख उरतात. घरातली पुंजी मोडावी लागत नाही. ग्राहक जर ‘शेवटी पंचवीस टक्के ठेवू’ म्हणाला तर ते तीन लाख होतात, नफ्यापेक्षा ८० हजारांनी जास्त. मशीन दिल्यानंतर राहणारी बाकी नफ्याच्या आत बसली पाहिजे. ही रेघ या घासाघिशीत ओलांडू नये, कारण माल गेल्यावर हातात काही उरत नाही.

टप्पा कसा लिहायचा, यातच निम्म्या भांडणांचं बीज असतं. ‘ग्राहकाचं समाधान झाल्यावर’ हा टप्पा नव्हे. समाधान मोजता येत नाही. ‘उत्पादन सुरू झाल्यावर’ हाही नव्हे, कारण उत्पादन कधी सुरू करायचं ते पुरवठादाराच्या हातात नाही. टप्पा असा हवा की तो पुरवठादाराला स्वतःच्या कामाने पूर्ण करता यावा आणि ग्राहकाला डोळ्यांनी पाहता यावा. ‘टाकीत पाणी भरून चोवीस तास गळती नाही, सांगाडा मंजूर ड्रॉइंगप्रमाणे, ग्राहकाचा इंजिनिअर येऊन पाहील किंवा तीन दिवसांत आला नाही तर व्हिडिओ ग्राह्य’ असं लिहिलं की वादाला जागा राहत नाही.

चाचणीचा टप्पा तर आणखी नीट बांधावा लागतो. वॉशिंग मशीनची चाचणी घ्यायची तर ग्राहकाने त्याचे तेलकट सुटे भाग पाठवायला हवेत. ते आलेच नाहीत तर? मशीन तयार, जागा अडलेली, चाळीस टक्के लटकलेले. म्हणून नमुन्याचे किती भाग, कोणत्या आठवड्यात यायचे, आणि ते दहा दिवस उशिरा आले तर चाचणी पाण्यावर करून हप्ता देय होईल, हे पहिल्याच पत्रात येतं. स्वच्छतेचं मापही आत्ताच ठरवायचं. धुतलेल्या भागावर किती मिलिग्रॅम घाण चालेल, हा आकडा ग्राहकाकडून मागून घ्यायचा. तो नंतर आला तर टाकी, पंप, नोझल सगळंच बदलावं लागू शकतं.

बसवण्याच्या हप्त्यात नेहमीचा खड्डा असा : मशीन चाकणला पोचतं, पण तिथे वीजजोडणी नाही, पाण्याची लाइन आलेली नाही, पाया ओला आहे. मशीन कोपऱ्यात महिनाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून राहतं. उपाय एका वाक्याचा आहे. शेवटचे दहा टक्के ‘बसवल्यावर, किंवा मशीन पाठवल्यापासून तीस दिवसांनी, जे आधी होईल तेव्हा’. याला सहसा कुणी हरकत घेत नाही, कारण हरकत घेणं म्हणजे आपली जागा तयार नसेल हे मान्य करणं.

आता उत्तर प्रत्यक्षात कसं लिहायचं. किमतीच्या पत्रातच, किमतीच्या लगेच खाली, अटी यायला हव्यात आणि त्यांच्यासोबत कारण. या धंद्यातली पत्रं बहुधा इंग्रजीतच जातात, पण मजकूर साधारण असा असतो :

‘आपली चौकशी मिळाली, आभार. किंमत सोबत जोडली आहे. आपण सुचवलेल्या दहा टक्के ॲडव्हान्समध्ये हे काम आम्हाला पेलणार नाही, कारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत पत्रा आणि बॉटआउटसाठी चार लाखांच्या वर रक्कम भरावी लागते. आपली जोखीम कमी राहावी म्हणून पूर्ण ॲडव्हान्स न मागता तो दोन टप्प्यांत विभागला आहे. दुसरा हप्ता आपण आमच्याकडे येऊन काम पाहिल्यावरच द्यायचा आहे. मुदत दहा आठवडे, ॲडव्हान्स खात्यात जमा झाल्यापासून. हा दर पंधरा दिवस लागू राहील.’

यातली शेवटची दोन वाक्यं किरकोळ वाटतात, पण नाहीत. ऑर्डर पहिल्या तारखेला आली आणि ॲडव्हान्स पंचविसाव्या तारखेला, तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची यावर उशिराचा दंड ठरतो. आणि स्टेनलेसचा भाव हलता असतो. दोन महिन्यांनी जुन्या दराने ऑर्डर आली तर पत्र्यातच नफा जातो.

यानंतर फोन येतो. खरेदी अधिकारी म्हणतो, ‘साहेब, आमच्या कंपनीत दहाच्या वर ॲडव्हान्सची पॉलिसीच नाही.’ यावर टक्के कमी करण्याची घाई करू नये. आधी विचारावं, ‘अडचण रकमेची आहे की आमच्याबद्दलच्या खात्रीची?’ खात्रीची असेल तर ती पैसे न सोडता देता येते : कारखान्यात या, आधीच्या दोन ग्राहकांशी बोला, बॉटआउटच्या ऑर्डरच्या प्रती आम्ही पाठवू. पॉलिसीची असेल तर पहिला हप्ता ‘ॲडव्हान्स’ न म्हणता दोन तुकड्यांत मागता येतो, दहा टक्के ऑर्डरबरोबर आणि वीस टक्के ड्रॉइंग मंजूर झाल्यावर. ड्रॉइंग दुसऱ्या आठवड्यात मंजूर होतं, मोठा खर्च तिसऱ्यात सुरू होतो. मंजुरी येईपर्यंत पत्र्याची ऑर्डर द्यायची नाही, एवढं पाळलं की हिशेब तोच राहतो.

मोठ्या कंपन्या तिसरी वाट सुचवतात : ॲडव्हान्स घ्या, पण तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी द्या. ऐकायला न्याय्य वाटतं. पण छोट्या कारखान्याला बँक ही गॅरंटी देताना तारण मागते, आणि मर्यादा मंजूर नसेल तर पुष्कळदा संपूर्ण रकमेची मुदत ठेव. म्हणजे ३ लाख ६० हजार आले आणि ३ लाख ६० हजार बँकेत गोठले, वर कमिशन. असा ॲडव्हान्स नसल्यासारखाच. गॅरंटी द्यावीच लागली तर ती प्रत्येक टप्प्याबरोबर कमी होत जाईल आणि मशीन निघताच संपेल, असा मजकूर बँकेत जाण्याआधी ग्राहकाकडून मंजूर करून घ्यावा.

ग्राहकाने मधेच ऑर्डर रद्द केली तर ॲडव्हान्स कुणाचा? ‘जप्त’ एवढा शब्द लिहून भागतं, असा समज सर्वत्र आहे. जमिनीच्या व्यवहारात विसार बुडतो, त्यावरून तो आला असावा. पण विसार आणि ॲडव्हान्स या कायद्यात दोन गोष्टी आहेत. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात दिल्लीतल्या एका मालमत्तेच्या १९४९ च्या सौद्यात १,००० रुपये विसार म्हणून दिले होते आणि २४,००० रुपये किमतीपोटी. सौदा फिसकटला तर सगळेच जप्त, असं करारात होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये विसाराचे हजार ठेवू दिले. चोवीस हजार मात्र केवळ करारात लिहिलंय म्हणून गिळंकृत करता येणार नाहीत, असं ठरवलं. भारतीय करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा ठरते; मिळते ती वाजवी भरपाई.

म्हणून शहाणी अट अशी : रद्द केल्यास तोवरचा प्रत्यक्ष खर्च बिलांसह दाखवून वळता केला जाईल आणि उरलेली रक्कम परत मिळेल, खर्च जास्त असेल तर फरक ग्राहकाने द्यायचा. आपल्या उदाहरणात तिसऱ्या आठवड्याअखेर ऑर्डर रद्द झाली तर खर्च ४ लाख २० हजार, मिळालेले ३ लाख ६० हजार. बॉटआउटवाल्यांनी किती परत दिले त्यावर अंतिम आकडा ठरेल. ही अट वाचून ग्राहकही निवळतो. पुढचा माणूस बिलं दाखवायला तयार आहे, हे त्याला पैशांपेक्षा मोलाचं वाटतं.

कराची एक बाजू उत्तर लिहिताना लक्षात ठेवावी लागते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून नेहमीच्या जीएसटी नोंदणीतल्या पुरवठादाराला मालाच्या ॲडव्हान्सवर कर भरावा लागत नाही; तो बिल करताना लागतो. सेवांना ही सवलत नाही. तिथे ॲडव्हान्स येताच कर देय होतो, हे डिझायनर, सल्लागार, सॉफ्टवेअरवाले यांनी विसरू नये. मशीनच्या बाबतीत १२ लाखांवरचा अठरा टक्के जीएसटी, २ लाख १६ हजार, बिलाच्या दिवशी एकदम उभा राहतो. त्यामुळे तिसऱ्या हप्त्याची अट ‘चाळीस टक्के अधिक संपूर्ण जीएसटी’ अशीच हवी. नुसतं ‘चाळीस टक्के’ लिहिलं तर ग्राहक करही त्याच प्रमाणात देतो, आणि खरेदीवर मिळालेली करवजावट जाऊन जे उरेल ते पुढच्या महिन्यात कारखानदाराला खिशातून भरावं लागतं.

आणि उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहेच. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत. करार नसेल तर पंधराच दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ती ग्राहकाने पंधरा दिवसांत लेखी करायची, नाहीतर माल दिला तो दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. उत्तराच्या तळाशी उद्यम क्रमांक छापावा. मात्र एक मर्यादा आहे : लघुउद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, ही आयकरातली अलीकडची तरतूद कच्च्या मालाच्या बिलाला जशी टोचते तशी मशीनला टोचत नाही, कारण मशीन हा भांडवली खर्च आहे आणि त्यावर घसारा घेतात. कायद्याचा धाक दाखवून वसुली करण्यापेक्षा मशीन दारात असताना नव्वद टक्के घेणं केव्हाही बरं.

सगळं ठरलं, हस्तांदोलन झालं, आणि मग पीओ येते. इथे फसगत होते ती थकल्यामुळे. महिनाभराच्या बोलाचालीनंतर पीओ आली, या आनंदात पानं उलटली जात नाहीत, आणि तिसऱ्या पानावर छापील अट असते : ‘पेमेंट माल मिळाल्यापासून ६० दिवस’. कोटेशनमध्ये काही असो, बदललेल्या अटींची पीओ हा कायद्याने नवा प्रस्ताव असतो आणि हरकत न घेता काम सुरू केलं तर तो मान्य केल्यासारखा होतो. म्हणून पीओ आली त्याच दिवशी एक छोटा मेल : ‘पीओ मिळाली. पेमेंटची अट अमुक तारखेच्या मेलप्रमाणे ३०-२०-४०-१० अशी दुरुस्त करून पाठवावी. दुरुस्त पीओ आणि पहिला हप्ता मिळताच काम सुरू करू.’ सोबत तीस टक्क्यांचं प्रोफॉर्मा बिल. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक त्याच बैठकीत जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. त्याची विवरणपत्रं वेळेवर भरली जात आहेत का, ते तिथे कुणालाही दिसतं. चार-पाच महिने विवरणपत्रं भरलेली नसतील तर पुढचा हप्ता कसा येणार, याचा अंदाज तिथेच येतो.

नवव्या आठवड्यात चाचणी होते. ग्राहकाचा इंजिनिअर धुतलेले भाग हातात घेऊन पाहतो, कागदावर सही करतो. दहाव्यात क्रेन मशीन ट्रकवर ठेवते. खरेदी विभागातून व्हॉट्सॲपवर बँकेच्या पानाचा फोटो येतो, आरटीजीएस केल्याचा. असा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. व्यवहार मंजुरीसाठी पडून असतानाही तो काढता येतो. ड्रायव्हरला चहा दिला जातो, ताडपत्री बांधून होते. दुपारी तीनच्या सुमाराला कारखानदाराच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजतो, ४ लाख ८० हजार अधिक २ लाख १६ हजार. तेव्हा तो पोटमाळ्यावर जाऊन ई-वे बिल काढतो आणि ट्रक चाकणच्या दिशेने निघतो.